हसतमुखाने, दहा ते सात

टायपिस्ट वाचत नाही, टाईप करते. हे मी पूर्वी अभिमानानं सांगत असे, आता सांगायची लाज वाटते. ही गोष्ट घडली तेव्हा वकीलसाहेबांच्या चेंबरमध्ये मला सहा वर्षं झाली होती. दावे, कैफियती, नोटिसा, साठेखतं अशी हजारो पानं माझ्या बोटांखालून गेली होती आणि डोक्यात त्यातलं एकही शिरलं नव्हतं. शिरलं असतं तर मी माझी चार-पाच वर्षं वाचवली असती.

चेंबर म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, माझं मशीन आणि पक्षकारांसाठी तीन खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगणारी. आतल्या खोलीत साहेब आणि काचेच्या कपाटात कायद्याचे जाडजूड ग्रंथ. त्या कपाटाची किल्ली कधीच हरवली होती आणि तिच्यावाचून साहेबांचं आजवर काही अडलं नव्हतं, यावरून काय ते समजा. साहेबांची खरी भिस्त होती आवाजावर. साधं "पंखा लावा" म्हणाले तरी समोरचा पक्षकार सावरून बसायचा.

नोकरीला लागल्या लागल्याच मी टाईपरायटर सोडून कॉम्प्युटरवर टाईप करायला शिकले. तीन आठवड्यांचा कोर्स होता. फी मी भरली. साहेबांनी रजा दिली, तीही बिनपगारी. आणि परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून एक करारनामा लिहून घेतला. चेंबरनं माझ्या प्रशिक्षणासाठी मोठा त्याग केला असल्यामुळे मी दहा वर्षं नोकरी सोडणार नाही, आणि सोडलीच तर या कोर्टातल्या दुसऱ्या कुठल्याही वकिलाचं टायपिंग करणार नाही. मजकूर त्यांनी सांगितला, टाईप मी केला, सहीही मीच केली. नव्या मशीनवर टाईप केलेला तो माझा पहिला कागद. अक्षरं किती स्वच्छ उमटली याचंच मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं.

मधे दोनदा मी सोडायचा विषय काढला. दोन्ही वेळा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, करार आहे. गेलात तर कोर्ट हाताला धरून आणून या खुर्चीत बसवेल." मी भ्याले. मला खरंच दिसायचं ते. कोर्टाचा बेलीफ दारात उभा, शेजारीपाजारी गॅलरीत, आणि मी पर्स सांभाळत जिना उतरतेय.

आणि आता धाकटीनं घोळ घातला होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. कोर्टाच्या फाटकालगत एक गाळा तिला मिळत होता. तिथं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान काढायचं तिनं पक्कं केलं होतं. मशीनं ती आणणार, टायपिंग मी बघणार, नफा अर्धा अर्धा. एक तारखेला गाळा ताब्यात. "ताई, एकदाच विचारते," ती म्हणाली. "हो असेल तर हो म्हण. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. ती काय तुझ्यासारखं टाईप करणार आहे? पण येईल तरी." मी तिला म्हटलं, थोडं थांब. कशासाठी थांब ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात मास्तरांचा दावा सुनावणीला आला.

मास्तर म्हणजे शिंपी. चौकातल्या कोपऱ्यावर त्यांचं चाळीस वर्षांचं दुकान, वर एक खोली, तिथंच ते राहायचे. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप त्यांच्या नजरेत बसलेलं असायचं. टेप लावायचे ते केवळ गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी. वय सदुसष्ट, मूलबाळ नाही, बोलणं कमी. आमचे पक्षकार त्याच रस्त्यावरचे मोठे कपड्यांचे शोरूमवाले. त्यांना एक दिवस साक्षात्कार झाला की गिऱ्हाइकाला तयार कपडा विकला तरी त्याला शिंपी बघायला आवडतो. म्हणून त्यांनी ठरवलं, मास्तरांचं दुकान घ्यायचं आणि दुकानाबरोबर मास्तरही घ्यायचे.

करार आमच्या साहेबांनी केला. मी टाईप केला, अर्थात न वाचता. साहेबांना तो इतका आवडला होता की दोन पक्षकारांना त्यांनी तो कारण नसताना मोठ्यानं वाचून दाखवला. दुकानाची एकरकमी किंमत ठरली. खरेदीखत तीन महिन्यांत करायचं. त्यापुढे सात वर्षं मास्तरांनी रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सात दुकानात बसून स्वतःच्या हातानं कापड बेतायचं, 'हसतमुखाने व आपल्या संपूर्ण कलेनिशी'. बदल्यात त्यांना पगार आणि सात वर्षं वरच्या खोलीत राहण्याचा हक्क. या मुदतीत मास्तरांनी गावात दुसऱ्या कोणासाठी कात्री हातात धरायची नाही. आणि शेवटी साहेबांचं लाडकं कलम सतरा: हा करार एकसंध आणि अविभाज्य आहे, दुकान आणि मास्तर यांची किंमत वेगळी काढता येणार नाही, आणि एक भाग सोडून दुसऱ्याची अंमलबजावणी कोणालाही मागता येणार नाही.

"उद्या म्हातारा म्हणाला की दुकान घ्या, मला सोडा, तर?" साहेब पक्षकाराला म्हणाले होते. "सतरामुळे तोंड बंद." शोरूमवाले इतके खूश झाले की ते डुगडुगणाऱ्या खुर्चीवर मागे रेलले आणि पडता पडता वाचले.

पुढे झालं असं. खरेदीखताच्या आधी शोरूमवाल्यांनी मास्तरांना एका दिवसासाठी तालमीला बोलावलं. शोरूमच्या दर्शनी काचेमागं एक गोल चौथरा केला होता आणि तो हळूहळू फिरत होता. मास्तरांना चकचकीत जाकीट घातलं, गळ्यात टेप अडकवली, ती हलू नये म्हणून टाचणीनं टोचली, आणि चौथऱ्यावर उभं केलं. वर पाटी: 'अस्सल मास्तर, दररोज दहा ते सात'. दुकानाची डागडुजी होईपर्यंत इथं आणि नंतर तसाच चौथरा दुकानात, असा बेत. रस्त्यावरून जाणारी शाळेची पोरं काचेवर टकटक करून मास्तर हलतात का बघत होती. दीड तासानं मास्तर उतरले, जाकीट घडी करून ठेवलं, तेही शिवणीवर शिवण जुळवून, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आगाऊ घेतलेली रक्कम परत पाठवली आणि कळवलं की करार रद्द.

शोरूमवाल्यांनी रक्कम घेतली नाही. ते आमच्याकडे आले आणि साहेबांनी दावा लावला. कराराची विशिष्ट पूर्तता करून मिळावी, म्हणजे भरपाई बिरपाई नको, जे ठरलं तेच्या तेच प्रतिवादीकडून करून घ्यावं. खरेदीखत करून द्यावं, मास्तरांनी काचेत उभं राहावं, आणि सात वर्षं गावात दुसऱ्या कोणाचंही कापड बेतू नये असा मनाई हुकूम व्हावा.

आमच्या साहेबांचं सारं आयुष्य जमिनीच्या दाव्यांत गेलेलं. अमक्यानं प्लॉट विकायचं कबूल केलं आणि किंमत वाढल्यावर शब्द फिरवला, असे दावे त्यांनी डझनांनी जिंकले होते. तिथं कोर्ट खरंच हुकूम देतं, कारण तोच प्लॉट पैसे टाकून दुसरीकडे मिळत नाही. असे हुकूम मिळवून मिळवून साहेबांना वाटायला लागलं होतं की माणूस हाही एक प्लॉटच, फक्त त्याला चतुःसीमा नसतात.

मास्तरांचे वकील होते एक बुटके, मवाळ गृहस्थ. त्यांच्याकडे एक पातळ फाईल आणि एक झिजलेली पेन्सिल. साहेब त्यांना पाठीमागं 'रबर' म्हणायचे. या रबरांनी लेखी युक्तिवाद दिला, बारा पानांचा, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवली. साहेबांनी तो चाळला, फुस्स केलं आणि माझ्यापुढे टाकला. "बाई, याच्या प्रत्येक परिच्छेदाखाली आपलं उत्तर बसवायचंय. मी सांगतो तसं जुळवून घ्या."

जुळवायचं म्हणजे वाचावं लागणार होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी एखादा कागद वाचला.

पहिल्या परिच्छेदात असं होतं की करार मोडला तर साधारण इलाज म्हणजे भरपाई. ठरलं तेच करून घेण्याचा हुकूम हा हक्क म्हणून मागता येत नाही. तो द्यायचा की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर आहे, आणि भरपाईनं काम भागत असेल तर तो देत नाहीत. मी त्याच्याखाली साहेबांचं उत्तर टाईप केलं. तिसऱ्या परिच्छेदाशी आले आणि माझी बोटं थांबली. लिहिलं होतं, ज्या करारात एका माणसानं दुसऱ्यासाठी स्वतः राबायचं असतं, ज्यात त्याचं कसब, त्याची मर्जी, दोघांचं एकमेकांशी पटणं यावर सगळं अवलंबून असतं, तो करार कोर्ट कधी जबरदस्तीनं पाळायला लावत नाही. नोकराला नोकरीवर राहण्याचा हुकूम देत नाही.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग साहेबांच्या खोलीचं दार बंद आहे का ते बघितलं आणि तिसऱ्यांदा वाचला. मला आधी आनंद झाला नाही, राग आला. रबरांचा नाही, साहेबांचा नाही, माझा स्वतःचा. इतकी साधी गोष्ट माझ्या बोटांखालून किती वेळा गेली असेल कोण जाणे.

पण रबर म्हणतात म्हणून ते खरं थोडंच? तेही वकीलच. आणि साहेबांनी त्या परिच्छेदाखाली जे उत्तर सांगितलं ते ऐकून माझा धीर सुटला. "लिहा. जुना, कालबाह्य विचार. आधुनिक व्यापाराच्या युगात शब्द म्हणजे शब्द. मग तो प्लॉटचा असो की हातांचा." आवाज असा की कपाटाची काच थरथरली. मी टाईप केलं. मास्तरांच्या विरुद्ध आणि माझ्याही विरुद्ध, कुठेही चूक न करता, परिच्छेदांमध्ये जागा सोडून, समास राखून. रात्री धाकटीचा फोन आला. मी म्हटलं, निकाल लागू दे. ती म्हणाली, कुणाचा? मी म्हटलं, एका शिंप्याचा. ती म्हणाली, ताई, तुला बरं वाटतंय ना.

सुनावणीला मी साहेबांच्या मागं फायली घेऊन बसले. एरवी मी तिथं हिशोबाची वही काढून बसते, या वेळी कान टवकारून बसले. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, बारीक, बोलताना मान न हलवणाऱ्या. साहेबांचं त्यांच्याबद्दलचं मत मला येताना जिन्यावरच ऐकायला मिळालं होतं. कोर्टाचा विवेक म्हणजे कोर्टाचा मूड, आणि जेवणानंतरचा मूड चांगला असतो, म्हणून त्यांनी तारीख दुपारची मागून घेतली होती.

साक्षीला शोरूमवाले उभे राहिले. साहेबांनी त्यांना आठवडाभर पढवलं होतं: मास्तर म्हणजे काय चीज आहे ते सांगा, असा माणूस दुसरा नाही, त्याच्यावाचून तुमचं किती अडलंय ते सांगा. शोरूमवाल्यांनी ते मनापासून सांगितलं. ते सांगत सुटले, सांगत सुटले. साहेब माना डोलावत होते. रबर पेन्सिलीनं एक ओळ लिहीत होते, फक्त एक.

मग न्यायाधीशबाईंनीच विचारलं, "समजा मास्तर आले नाहीत. नुसतं दुकान मिळालं तर तुमचा उपयोग काय?"

"त्या भिंती घेऊन काय करू, मॅडम?" शोरूमवाले रंगात आले होते. "तसले गाळे त्याच रस्त्यावर चार मिळतात मला. आजही मिळतात. मास्तर पाहिजेत, मास्तर!"

साहेबांची मान डोलायची थांबली. त्यांच्या मानेमागचा भाग मी सहा वर्षं बघत आले आहे. तो इतका स्थिर मी कधी पाहिला नव्हता.

रबर उठले. त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही धड पोचत नव्हता. म्हणाले, दुकान हवं असतं तर जागेला जोड नाही म्हणून हुकूम मागता आला असता. पण वादीच शपथेवर सांगतात की तसले चार गाळे मिळतात, म्हणजे दुकानापुरती भरपाई पुरेशी आहे. राहिले मास्तर. हसतमुखाने म्हणजे किती हसायचं? संपूर्ण कलेनिशी म्हणजे अर्धी कला घरी ठेवली हे कोण ठरवणार? इतकं म्हणून ते खाली बसले. साहेबांनी तोवर कलमांवर दोन तास बोलायची तयारी केली होती, तर समोरच्यानं चार मिनिटांत आटोपतं घेतलेलं.

साहेब सावरले. हुशार माणूस आहे, नाही म्हणून चालायचं नाही. म्हणाले, मग आम्ही मास्तरांच्या कामाचा हट्ट सोडतो, आम्हाला नुसतं दुकान द्या, किंमत पूर्ण देतो.  हे जमलं तर मास्तर दुकानातून आणि डोक्यावरच्या खोलीतूनही जाणार होते.

न्यायाधीशबाईंनी कागद उलटला. "तुम्हाला सोडता येईल, जर कामाचं कलम फक्त तुमच्या फायद्याचं असेल तर. कामाच्या बदल्यात प्रतिवादींना पगार आणि राहायची खोली आहे. काम सोडलं की त्यांचं तेही जातं. शिवाय कलम सतरा वाचा. एक भाग सोडून दुसऱ्याची अंमलबजावणी मागता येणार नाही. कोणी लिहिलंय हे?"

 साहेब म्हणाले, "वादीच्या सूचनेवरून लिहिलं गेलं, मॅडम." शोरूमवाले मागं वळून माझ्याकडे बघू लागले, जणू सूचना मी दिली होती. मी फाईल चाळू लागले. टाईप मी केलं होतं हे खरं होतं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला, महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला. न्यायाधीशबाईंनी तो वाचून दाखवला आणि मी पहिल्यांदाच एखादा निकाल असा ऐकला की श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. त्या म्हणाल्या, विवेक म्हणजे न्यायाधीशाची लहर नव्हे, त्याला ठरलेल्या वाटा आहेत. हे बोलताना त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, पण जेवणानंतरची वेळ होती आणि मूड चांगला असल्याचं काही चिन्ह नव्हतं. माणसाची सेवा हुकमानं करून घेता येत नाही. एकदा हुकूम दिला की तो पाळला जातो की नाही हे पाहणं कोर्टाचं काम ठरतं. मग रोज सकाळी दहा वाजता या न्यायालयानं चौकात जाऊन प्रतिवादी हसले की नाही ते तपासायचं का? हसू कमी पडलं तर त्यांना तुरुंगात धाडायचं का? शब्द इतके मोघम आहेत की कशाचा हुकूम द्यायचा हेच कळत नाही. करार अविभाज्य आहे असं वादीच म्हणतात, तेव्हा एक भाग देता येत नाही म्हणून दुसराही देता येत नाही. शिवाय फिरत्या चौथऱ्याची कल्पना सही करण्यापूर्वी प्रतिवादींना दिली नव्हती; कोर्टाची मेहेरबानी मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

मग त्या मनाई हुकुमाकडे वळल्या. मी खुर्चीची कड धरली. दुसरीकडे काम करू नये एवढंच सांगणारा हुकूम कधी कधी देता येतो, त्या म्हणाल्या. पण ज्या माणसाला एकच धंदा येतो, त्याला सात वर्षं तो धंदा दुसऱ्या कोणासाठी करू नको म्हणणं म्हणजे उपाशी राहा किंवा वादीकडे ये, असं सांगणं. जे समोरच्या दारानं देता येत नाही ते मागच्या दारानंही देणार नाही. आगाऊ रक्कम व्याजासह परत घ्या. खरं नुकसान झालं असेल तर ते सिद्ध करा, तेवढं मिळेल. बाकी दावा फेटाळला.

मास्तर बाकावर बसले होते. त्यांना निकालातलं किती कळलं कोण जाणे. उठताना त्यांची नजर न्यायाधीशबाईंच्या काळ्या झग्याच्या खांद्यावर गेली. मला शपथेवर सांगता येईल, त्यांनी मनात तो अर्धा इंच आत घेतला.

आम्ही जिना चढून चेंबरमध्ये आलो. साहेबांनी कोट खुंटीला लावला, पाणी प्यायले आणि अपील कसं करायचं ते मला ऐकवू लागले. मी उभीच होते. म्हणाले, "बसा की."

"साहेब, मी एक तारखेपासून येत नाही," मी म्हटलं. "बहिणीबरोबर फाटकाजवळ दुकान काढतेय. टायपिंगचं."

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "करार आहे, बाई. चार वर्षं राहिलीत. आणि टायपिंगचं दुकान? या कोर्टातल्या दुसऱ्या वकिलांचं टायपिंग? तेही करारात बसत नाही. मी दावा लावीन."

"लावा."

साहेबांना या शब्दाची सवय नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, आवाज चढला, आणि रागात माणूस जे नेहमी करतो तेच त्यांनी केलं. "घ्या लिहून," ते म्हणाले. "नोटीस. आमच्या पक्षकारातर्फे... नाही, माझ्यातर्फे. श्रीमती अमुक अमुक यांस."

मी खुर्चीत बसले आणि घेतलं लिहून. दुसरं कोण घेणार? त्यांचं अक्षर मी सोडून कोणाला लागत नाही आणि त्यांच्या डिक्टेशनचा वेग दुसऱ्या कोणाला झेपत नाही. माझ्या विरुद्धची नोटीस मी टाईप करत होते, आणि हात नेहमीच्याच वेगानं चालत होते. प्रशिक्षणासाठी केलेला त्याग आला, विश्वासघात आला, अपरिमित नुकसान आलं. मग मागणी आली. "सबब नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत आपण कामावर हजर व्हावे, न झाल्यास आपणास हजर करण्याचा हुकूम कोर्टाकडून..."

मी थांबले. "साहेब, हा मिळत नाही."

"काय?"

"कामावर राहण्याचा हुकूम. तासापूर्वी न्यायाधीशबाई नाही म्हणाल्या ना. आणि दुसरीकडे टायपिंग करू नये हाही मिळणार नाही, कारण मला दुसरं काही येत नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. साहेबांनी उठून खिडकी लावून घेतली. मला वाटलं होतं मला जिंकल्याचा आनंद होईल, पण तो झाला नाही. ज्या कागदाला मी सहा वर्षं भ्याले, तो मीच टाईप केला होता, आणि त्यात काय आहे ते मला कळायला एका शिंप्याला काचेत उभं राहावं लागलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "ते काढा. लिहा, नुकसानभरपाई. भरपाई तर मिळते ना?"

"मिळते," मी म्हटलं. "खरं नुकसान झालं असेल तेवढी. कोर्सची फी मीच भरली होती, ती धरता येणार नाही. माझ्या जागी दुसरी टायपिस्ट ठेवायला तुम्हाला माझ्या पगारापेक्षा जास्त किती द्यावं लागेल, तेवढं."

"बरोबर. ते लिहा."

मी आकड्याची जागा सोडून बोटं तिथंच ठेवली. "किती लिहू? बाजारात तुमचं अक्षर लागणारी टायपिस्ट माझ्या तिप्पट पगार घेते. मी चौकशी केलीय. म्हणजे नुकसान माझ्या पगाराच्या दुप्पट, दर महिना. हा आकडा टाकला तर कोर्टात तुम्हाला तो पुराव्यानं सांगावा लागेल. बाई एवढ्या लायकीच्या होत्या आणि मी त्यांना इतकेच देत होतो, असं."

 मी नोटीस छापली, आकड्याची जागा कोरी ठेवून त्यांच्यापुढे ठेवली आणि सहीची जागा बोटानं दाखवली, रोज दाखवते तशी. त्यांनी पेन उघडलं. कोऱ्या जागेकडे बघत ते मनातल्या मनात हिशोब करत होते, ओठही थोडे हलले. सहा वर्षांत त्यांनी माझा हिशोब पहिल्यांदाच नीट मांडला असावा. मग त्यांनी पेनचं टोपण पुन्हा लावलं.